पाच मिनिटांचं औषध

चढाचा रस्ता जिथे संपतो तिथे औषधांचं एक दुकान होतं, आणि दुकानापुढे एक लाकडी स्टूल. चढ चढून आलेल्या माणसाने धापा टाकत काउंटरला लोंबकळू नये म्हणून औषधवाल्यांनी ते पंधरा वर्षांपूर्वी आणून ठेवलं होतं. ते स्टूल पुढे आपलीच फजिती करणार आहे हे त्यांना तेव्हा कुठून कळणार!

औषधवाले माणूस भला. हुशारही होते, पण आपण हुशार आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. गल्लीतली निम्मी माणसं त्यांना 'डॉक्टर' म्हणायची. ते दरवेळी हात हलवून "अहो, मी कसला डॉक्टर" म्हणायचे, आणि ते म्हणताना मनातून असे खुलायचे की समोरच्याला पुन्हा एकदा म्हणावंसं वाटायचं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. बाटली पुढे करायची, मान किंचित तिरकी करायची आणि म्हणायचं, "पाच मिनिटांत आराम!" समोरचे शिंपी त्यांना पाठीमागे 'पाचमिनिटवाले'च म्हणायचे. ते कानावर आलं तेव्हा औषधवाल्यांना रागही आला नाही. उलट बरं वाटलं.

या दुकानाचं सगळ्यात निष्ठावंत गिऱ्हाईक म्हणजे मीटरवाले. घरोघर जाऊन विजेचे आकडे टिपणारा हा पन्नाशी ओलांडलेला माणूस खांद्याला पिशवी, हातात यंत्र घेऊन तीस वर्षं त्याच वस्तीत फिरत होता. चालायचा असा, की बरोबरीच्याने पळावं. रोज सकाळी साडेनवाला खालच्या थांब्यावर उतरायचं, तडक चढ चढायचा आणि वरच्या वस्तीत दुपारपर्यंत दोनशे मीटर वाचायचे. "पाय आहेत तोवर नोकरी आहे," असं तो हसत म्हणायचा. त्याच्या खात्यात ज्यांचे पाय थकत, त्यांना मागच्या खोलीत टेबलाशी बसवून तक्रारींचे अर्ज लावायला देत. त्या खोलीला हे लोक आपापसात 'शीतगृह' म्हणत.

तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी मीटरवाले चढ चढून आले आणि पहिल्यांदाच त्या स्टुलावर बसले. उजव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध ठेवलेली.

"काय झालं हो?" औषधवाल्यांनी विचारलं.

"काही नाही. इथे जरा आवळल्यासारखं होतंय. कुणी पट्टा बांधून ओढतंय असं."

"सकाळी काय घेतलंत?"

"दोन कप चहा. आणि रात्रीचं उरलेलं जरा तिखट होतं..."

"मग झालं तर!" औषधवाल्यांनी मागे वळून गुलाबी औषधाची बाटली उचलली, मापाच्या झाकणात ओतली आणि पुढे केली. "ॲसिडिटी आहे. रिकाम्या पोटी चहा ओतायचा आणि मग घोड्यासारखं धावायचं. पोट काय गप्प बसेल? घ्या. पाच मिनिटांत आराम!"

मीटरवाल्यांनी घेतलं. तीन-चार मिनिटांत मूठ छातीवरून खाली आली, एक लांबलचक ढेकर आला, आणि ते उठले. "वा डॉक्टर! हाताला गुण आहे तुमच्या."

त्या दिवशी औषधवाले घरी जेवताना दोन घास जास्त जेवले.

पुढे हे रोजचंच झालं. मीटरवाले यायचे, मूठ छातीवर, स्टुलावर बसायचे, औषध घ्यायचे, ढेकर द्यायचे, पाच मिनिटांत वर चालू लागायचे. मध्ये एकदा शिंप्यांनी आपलं मत दिलं. गिऱ्हाइकांच्या छात्या मोजून मोजून त्यांना छातीतलं सगळंच कळतं असा त्यांचा समज होता. ते म्हणाले, "पोटाचं नाही हो हे, स्नायूचं आहे. पिशवीचा पट्टा बघा कसा काचतोय. खांदा बदला." औषधवाल्यांनी त्यावर चोळायचं मलमही दिलं. मीटरवाल्यांनी पिशवी उजव्या खांद्यावर घेतली, मलम चोळलं, आणि दुसऱ्या दिवशी मूठ छातीवर ठेवूनच चढून आले. "बघा," औषधवाले शिंप्यांकडे बघून म्हणाले, "म्हटलं नव्हतं पोटाचंच आहे म्हणून?" मलम चाललं नाही, म्हणजे औषध चालतंय, असा त्यांचा हिशोब. हिशोबात एक तिसरा आकडाही असू शकतो, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

आणि दिसत नव्हतं असंही नाही. पहिल्यांदा दुखायचं ते दुकानाच्या पायरीशी आल्यावर. महिन्याभराने मीटरवाले दुकानाच्या थोड्या खालच्या बेकरीपाशीच थांबायला लागले. पुढे पुढे तर चढाच्या अर्ध्यावर, लॉन्ड्रीच्या दारात उभं राहून काचेतून वाळणाऱ्या चादरी बघायचे, मग निघायचे, आणि वर पोचेस्तोवर पुन्हा मूठ छातीवर. औषधवाले काउंटरवरून हे सगळं रोज बघायचे आणि गंमत करायचे. "काय हो, आज कुणाच्या चादरी आवडल्या?" मीटरवालेही हसायचे. आता आठवलं की औषधवाल्यांना वाटतं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

तो दिवस गुरुवार होता. दुकानात गर्दी होती. एका बाईच्या लहान मुलाला ताप होता आणि तिच्या हातातल्या चिठ्ठीवरचं अक्षर असं, की मुंगीला शाईत बुडवून कागदावर सोडलेलं. आणखी दोघं रांगेत होती, शिंपी दोऱ्याने कापलेल्या बोटाला पट्टी मागत उभे होते. मीटरवाले आले, स्टुलावर टेकले, मूठ छातीवर. चेहरा ओलसर होता.

"थांबा हं, दोनच मिनिटं," औषधवाले म्हणाले. गुलाबी औषधाची जुनी बाटली आदल्या दिवशी संपली होती. त्यांनी नवी काढून काउंटरवर ठेवली आणि पुन्हा चिठ्ठीत डोकं घातलं. मापाचा आकडा पाच आहे की आठ, हे कळेना. मुलाचं वजन विचारलं, खात्री व्हावी म्हणून दवाखान्यात फोन लावला, तापाच्या औषधाची बाटली दिली, किती द्यायचं ते दोनदा सांगितलं. मान वर केली तेव्हा पाच-सहा मिनिटं उलटली होती.

मीटरवाल्यांची मूठ छातीवर नव्हती.

ते पाय पसरून निवांत बसले होते, शिंप्यांच्या बोटाची चौकशी करत होते. चेहरा कोरडा, श्वास संथ. औषधवाल्यांची नजर काउंटरवरच्या बाटलीकडे गेली. झाकणाचं सील जसंच्या तसं होतं. आतला एक थेंबही बाहेर आला नव्हता.

माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरायला तीन महिने लागतात आणि शिरली की क्षणही लागत नाही. दुखणं औषधाने थांबत नव्हतं. ते बसल्याने थांबत होतं. नव्वद दिवस या माणसाला बरं करत होतं ते पुढचं लाकडी स्टूल, आणि शाबासकी घेत होती बाटली. आणि बाटलीमागून हा पाचमिनिटवाला.

चालताना आवळतं, थांबलं की मिनिटांत सुटतं. हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची लक्षणं द्या, या प्रश्नाला. सरांनी कडेला 'उत्तम' असं लिहिलं होतं.

"मीटरवाले," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात शिंपी म्हणाले, "अहो डॉक्टर, त्यांना औषध द्या ना आधी! माणूस केव्हाचा ताटकळलाय." रांगेतली दोघं वळून बघू लागली. तापाच्या मुलाची आई पैसे चुकते करून अजून तिथेच उभी होती, तीही बघू लागली.

चार माणसं. त्यांच्यापुढे काय म्हणायचं होतं? फार काही नाही. 'हे पोटाचं नाही, माझं चुकलं, आजच्या आज डॉक्टरांकडे जा.' एवढंच. तीन वर्षांचं पोरही म्हणेल.

औषधवाल्यांनी बाटलीचं सील फोडलं. झाकणात गुलाबी औषध ओतलं आणि पुढे केलं.

मीटरवाल्यांनी झाकणाकडे बघितलं. जरा वेळ बघितलं. मग औषधवाल्यांकडे बघितलं, एका घोटात औषध घेतलं आणि जोरदार ढेकर दिला. "वा डॉक्टर! हाताला गुण आहे."

आणि औषधवाल्यांच्या तोंडून, सवयीने म्हणा, भीतीने म्हणा, निघून गेलं, "पाच मिनिटांत आराम!"

दुपारी दुकान बंद करून ते घरी आडवे झाले, पण डोळ्याला डोळा लागेना. बायको शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, काय झालंय? छताकडे काय बघताय, जळमटं मोजताय?"

"काही नाही गं."

"तुमचं काही नाही म्हणजे बरंच काही असतं."

ते कुशीवर वळले. मनाशी वाद चालू होता आणि मन वकिलासारखं एकेक मुद्दा काढत होतं. आपण चुकतही असू. पोट आपोआपही शांत होतं की. पण पोट रोज त्याच चढावर, त्याच वळणावर बिघडतं का? रविवारी, घरी बसल्यावर, भरपेट जेवून लोळल्यावर का नाही बिघडत? जळजळ, आंबट पाणी, वाकल्यावर घशाशी येणं, यातलं काही आहे का, हे आपण एकदा तरी विचारलं? नाही विचारलं. उत्तर आपल्याला आधीच माहीत होतं ना, मग विचारायचं कशाला! आणि हे सगळं एक वेळ माफ. चूक कुणाचीही होते. पण आज चूक कळली होती, आणि कळल्यावर आपण झाकण पुढे केलं. ही चूक नव्हे. हिला दुसरं नाव आहे, आणि ते नाव त्यांना मनातसुद्धा घ्यायची लाज वाटत होती.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. एकटा गाठून सांगू. मग आठवलं की शुक्रवारी मीटरवाल्यांची साप्ताहिक सुट्टी. आणि हे आठवल्यावर त्यांना हायसं वाटलं! एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे आणि एक दिवस टळला म्हणून आपल्याला हायसं वाटतंय, हे ध्यानात आलं तेव्हा ते उठून बसले आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. तिने हातातली घडी खाली ठेवली.

"त्यांचा फोन नंबर आहे?"

"नाही."

"घर?"

"कुठेतरी बसने येतात. कधी विचारलंच नाही."

"त्यांच्या ऑफिसात फोन करा."

औषधवाल्यांनी केला. वाजत राहिला. दुपारनंतर तिथे कुणी उचलत नाही. शुक्रवारी दोनदा केला. मीटरवाले सुट्टीवर आहेत, निरोप देऊ, असं कुणीतरी जांभई देत सांगितलं. निरोप काय द्यायचा हे विचारलं तेव्हा औषधवाले अडखळले. 'तुमच्या छातीचं मी चुकीचं सांगितलं' हा निरोप परक्या माणसाकडे कसा द्यायचा? "मला भेटा म्हणावं, तातडीनं," एवढंच म्हणाले. पुन्हा पळवाट. माणसाला एकदा पळवाट सापडली की पाय आपोआप तिकडेच वळतात.

शनिवारी साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. स्टूल रिकामं. दहाला दहा कमी असताना औषधवाल्यांनी बायकोला काउंटरवर बोलावलं. "चिठ्ठीवरचं काही देऊ नकोस, मी आलोच," म्हणाले आणि चढ उतरू लागले. बेकरीपाशी नाहीत. लॉन्ड्रीपाशी नाहीत. छातीत धडधडत होतं, आणि ती धडधड कसली हे त्यांना नीट कळत होतं.

मीटरवाले खाली थांब्यावरच्या बाकावर बसलेले सापडले. चढ अजून सुरूही झाला नव्हता. मूठ छातीवर, डावा हात मांडीवर सैल टाकलेला.

"आज चढ चढवेना," ते ओशाळं हसत म्हणाले. "बसच उशिरा आली. उतरलो, वीस-पंचवीस पावलं चाललो, तेही रमतगमत. तरी धरलं, म्हणून मागे येऊन बसलो. डाव्या हातातही उतरतंय जरा. तुमचं औषध आणलंत का बरोबर?"

औषधवाले त्यांच्याशेजारी बसले. "नाही आणलं. बोलू नका, नुसतं बसा. किती वेळ झाला?"

"तीनेक मिनिटं. आता सुटायला लागलंय."

"मीटरवाले, मी विचारतो त्याचं खरं उत्तर द्या. हे जेवल्यावर होतं का कधी?"

"नाही."

"रात्री आडवं झाल्यावर? घशाशी आंबट येतं?"

"छे."

"हात वर केल्यावर, वळल्यावर, दाबल्यावर दुखतं?"

मीटरवाल्यांनी मुठीने छाती दाबून बघितली, खांदा फिरवला. "नाही हो."

"मग फक्त चालल्यावर?"

"फक्त चालल्यावर. आधी चढावर व्हायचं. आता..." दोघांनी पुढ्यातला सपाट रस्ता बघितला.

"चला," औषधवाले म्हणाले. "चला म्हणजे चालायचं नाही. बसा इथेच." आणि त्यांनी हात करून एक टॅक्सी थांबवली. पुढच्या चौकात डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. दोनशे पावलांसाठी टॅक्सी म्हणून चालकाने तोंड वाकडं केलं. औषधवाल्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट निघाला.

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग फासळ्या एकेक करून दाबून बघितल्या, हात फिरवायला लावले, दीर्घ श्वास घ्यायला लावला. "दुखतं?" नाही. रक्तदाब घेतला, स्टेथोस्कोप लावला, ईसीजी काढला. कागदाची पट्टी हातात घेऊन म्हणाल्या, "हा नॉर्मल आहे."

औषधवाल्यांच्या जिवात जीव आला. नॉर्मल! म्हणजे कदाचित आपलं आधीचंच बरोबर...

"पण त्यावर जायचं नाही," डॉक्टरबाई लगेच म्हणाल्या. "हा आत्ता निवांत झोपलेले असताना काढलाय. दुखतं चालताना. चालताना हृदयाला रक्त जास्त लागतं आणि अरुंद झालेल्या नळीतून तेवढं पोचत नाही, म्हणून आवळतं. बसलं की गरज कमी होते, सुटतं. पोटाचं दुखणं असं रस्त्याचा चढ बघून येत नाही. आणि स्नायूचं असतं तर मी दाबल्यावर तुम्ही ओरडला असता, आणि ते चार मिनिटांत सुटलंही नसतं. त्यातून हे रोज कमी कमी चालण्यावर यायला लागलंय. ते मला अजिबात आवडलेलं नाही. आजच मोठ्या हॉस्पिटलात जायचं. घरी नाही, ऑफिसात नाही. मी गाडी बोलावते."

त्यांनी एक गोळी चावून खायला दिली, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. एक बारीक गोळी हातात ठेवली. पुन्हा आवळलं तर बसून जिभेखाली धरायची, असं सांगितलं. मग चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "तीन महिने? तीन महिने काय करत होतात?"

"पित्ताचं औषध घ्यायचो."

"कुणी सांगितलं पित्ताचं?"

औषधवाले कपाटाशी उभे होते, मीटरवाल्यांची पिशवी पोटाशी धरून. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आता नाव येणार. यायलाच हवं. त्यांनी मान खाली घातली.

"कुणी नाही," मीटरवाले म्हणाले. "माझ्याच मनानं घ्यायचो."

डॉक्टरबाईंनी पेन थांबवलं. "हेच करता तुम्ही लोक! ढेकर आला की पित्त. अहो, हृदयाच्या दुखण्यातही माणूस ढेकर देतो. यांच्यासारख्या जाणत्या माणसाला आधी विचारलं असतं तरी त्यांनी केव्हाच पाठवलं असतं इकडे." आणि त्यांनी औषधवाल्यांकडे बघून मान डोलावली. "बरं केलंत घेऊन आलात."

औषधवाल्यांनी तोंड उघडलं. मग पिशवीचा पट्टाच नीट करत राहिले. तेवढ्यात बाहेर गाडी आली, धावपळ झाली, आणि बोलायचं ते राहिलं. दुसऱ्यांदा राहिलं.

हॉस्पिटलात हाताच्या धमनीतून बारीक नळी घालून तपासलं. हृदयाच्या एका मोठ्या रक्तवाहिनीत जेमतेम वाट उरली होती. त्याच वेळी तिथे जाळीची नळी बसवली. औषधवाले दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा पलंगाशी मीटरवाल्यांची बायको, मुलगी, खात्यातली माणसं. मीटरवाले सगळ्यांना सांगत, "हे बघा, आमचे डॉक्टर!" आणि बायको हात जोडून उठे. औषधवाले दहा मिनिटं अवघडून बसत, आणलेली फळं ठेवत आणि मागच्या मागे निघत. घरी बायकोने विचारलं, "सांगितलंत?" ते बूट काढत बसले. एक बूट काढायला किती वेळ लागावा!

तीन आठवड्यांनी, सकाळी पावणेदहाच्या सुमाराला, मीटरवाले चढ चढून आले. हळूहळू, सांगितल्याप्रमाणे. मूठ छातीवर नव्हती, हात मोकळे हलत होते. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, शिंपी तर होतेच. मीटरवाले स्टुलावर बसले आणि खिशातून गोळ्यांची चिठ्ठी काढली.

"थांबलो नाही कुठे," ते जाहीर करत म्हणाले. "चादरीसुद्धा बघितल्या नाहीत!" मग सगळ्यांकडे वळून, "या माणसामुळे जिवंत आहे मी. दुकान टाकून खाली धावत आले. आपण यांना डॉक्टर म्हणतो ते उगाच नाही."

"अहो, आहेतच आमचे डॉक्टर तसे," शिंपी म्हणाले. गिऱ्हाइकं कौतुकाने बघू लागली. पुन्हा चार माणसं. तीच जागा, तेच स्टूल.

औषधवाल्यांनी हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. काउंटरची फळी उचलून ते बाहेर आले. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाशी बोलायला ते कधी बाहेर आले नव्हते.

"मी वाचवलं नाही," ते म्हणाले. "मी तीन महिने यांना पोटाचं औषध पाजलं. चालताना छाती आवळते, बसलं की सुटते, हे हृदयाचं दुखणं आहे हे मला शिकवलेलं होतं. मी विचारलंच नाही. यांना या स्टुलावर बसून बरं वाटायचं आणि श्रेय मी घ्यायचो. आणि शेवटच्या गुरुवारी..." त्यांनी शिंप्यांकडे बघितलं. "तुम्ही इथेच होतात. त्या दिवशी औषध द्यायच्या आधीच यांचं दुखणं थांबलं होतं. मला ते दिसलं. कळलं. तरी मी बाटली फोडली आणि औषध दिलं. तुम्ही सगळे बघत होतात म्हणून. कळूनसवरून दिलं. मला डॉक्टर म्हणू नका."

एक गिऱ्हाईक चप्पल जमिनीवर घासत राहिलं. औषधवाल्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचीही त्यांना लाज वाटत होती.

मीटरवाले बराच वेळ हातातल्या चिठ्ठीची घडी घालत होते. मग हळूच म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"त्या गुरुवारी. तुम्ही चिठ्ठी वाचत होतात तेव्हाच माझं थांबलं होतं. तीस वर्षं आकडे बघतोय मी, मीटर चालू आहे की बंद, एवढं कळतं. म्हटलं, औषध न घेताच थांबलं, म्हणजे हे पोटाचं नव्हेच." त्यांनी घडी पुन्हा उलगडली. "पण मलाही ते पोटाचंच हवं होतं. हृदयाचं म्हटलं की खात्यात शीतगृह. आणि तुम्ही झाकण पुढे केलंत. चार माणसं बघत होती. म्हटलं, तुमचा शब्द कशाला खाली पाडायचा."

एक आठवण औषधवाल्यांच्या मनात टोचत होती, तिच्याबद्दल विचारल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

"पण तुम्ही ढेकर दिलात त्या दिवशी."

"दिला," मीटरवाले खाली बघून म्हणाले. "तो खोटा होता."